ठरलेले उत्पन्न आणि अपेक्षित उत्पन्न : निवृत्त गुंतवणूकदाराच्या दृष्टीने रोखे आणि समभाग

नोकरीतून निवृत्त झालेल्या व्यक्तीच्या हातात भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि रजेचा पगार मिळून जी रक्कम एकदम येते, तिच्याकडून दोन अपेक्षा एकाच वेळी केल्या जातात. दरमहा घरखर्चाला पुरेल असे उत्पन्न तिने द्यावे आणि मूळ रक्कमही शाबूत राहावी, अशा त्या अपेक्षा असतात. या रकमेचे काय करावे याच्या उत्तरात रोखा सुरक्षित आणि समभाग धोक्याचा, असे एक ढोबळ विधान वर्षानुवर्षे केले जाते. त्यात तथ्याचा अंश असला तरी ते अपुरे आहे, कारण सुरक्षित म्हणून घेतलेल्या रोख्यात सर्व रक्कम बुडाल्याची उदाहरणे भारतातच घडली आहेत, आणि केवळ रोख्यांवर विसंबलेल्या माणसाचे उत्पन्न वीस वर्षांत महागाईने निम्म्याहून कमी किमतीचे होऊ शकते. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे आहे, की सुरक्षितता ही कोणत्याही कागदाचा अंगभूत गुण नसून पैसा कोणाला दिला, तो परत मिळण्याची तारीख कोणती आणि तो प्रत्यक्षात लागणार केव्हा, या तीन गोष्टींच्या मेळातून ती निर्माण होते.

धनको आणि मालक

एखाद्या कंपनीला किंवा सरकारला पैशाची गरज असते तेव्हा तो दोन मार्गांनी उभा करता येतो. पहिला मार्ग कर्ज घेण्याचा असून, मोठी रक्कम अनेक लोकांकडून लहान लहान तुकड्यांत कर्जाऊ घेतली जाते तेव्हा त्या प्रत्येक तुकड्याच्या लेखी वचनाला कर्जरोखा, किंवा नुसते रोखा अथवा बॉण्ड, असे म्हणतात. या वचनात तीन गोष्टी नमूद असतात : मुदत संपल्यावर परत द्यायची रक्कम, म्हणजे दर्शनी मूल्य, तोपर्यंत ठरावीक काळाने द्यायचे व्याज, ज्याला बाजारात कूपन म्हणतात, आणि परतफेडीची तारीख. दुसरा मार्ग फक्त कंपनीला खुला असतो आणि तो म्हणजे मालकीचेच लहान हिस्से विकणे. या हिश्शाला समभाग किंवा शेअर म्हणतात. समभागाला मुदत नसते, त्यावर व्याज नसते आणि मूळ रक्कम परत करण्याचे कोणतेही वचन कंपनीने दिलेले नसते. नफा झाला आणि संचालकांनी तो वाटण्याचे ठरवले तर त्यातला वाटा लाभांश म्हणून मिळतो. बाकीची आशा समभागाची बाजारातील किंमत वाढण्यावर असते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा फरक जमिनीच्या व्यवहारातून पूर्वीपासून परिचित आहे. शेत खंडाने दिले तर पीक कसेही आले तरी ठरलेली रक्कम जमीनमालकाला मिळायची असते, आणि अर्धेलीने दिले तर चांगल्या साली भरघोस वाटा मिळतो, पण दुष्काळात हाती काहीच लागत नाही. रोख्याचे उत्पन्न खंडासारखे असते आणि समभागाचे अर्धेलीसारखे. मात्र खंड ठरला म्हणून तो वसूल होईलच असे नाही, कारण कसणारा माणूस कोण आहे यावर ते अवलंबून असते, आणि दहा वर्षांपूर्वी ठरलेला खंड आजच्या भावाने किती धान्य विकत घेईल, हा प्रश्नही शिल्लक राहतोच. रोख्यांचे दोन मूलभूत धोके, म्हणजे पत आणि महागाई, या दोन प्रश्नांतच सामावलेले आहेत.

कायद्यानेही धनको आणि मालक यांच्यात क्रम लावून दिला आहे. कंपनी दिवाळखोरीत निघून तिची मालमत्ता विकली गेली, तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार प्रक्रियेचा खर्च भागवल्यावर कामगारांची ठरावीक थकबाकी आणि तारण असलेले धनको यांचा क्रम आधी लागतो, त्यानंतर विनातारण धनको येतात आणि समभागधारक सर्वांत शेवटी. या क्रमामुळे रोखेधारकाची स्थिती सामान्यतः अधिक भक्कम असते. परंतु ‘सामान्यतः’ या शब्दाला किती महत्त्व आहे, हे पुढे एका उदाहरणातून दिसेल.

बँकेतील मुदत ठेव आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना या बाजारात विकता येण्याजोग्या रोख्यांत मोडत नसल्या तरी त्यांतही माणूस धनकोच असतो आणि व्याजाचे व मुद्दलाचे वचनच विकत घेत असतो. त्यामुळे या विवेचनात त्यांचा विचार रोख्यांच्याच बाजूला केला आहे.

समभागातून नियमित उत्पन्न का अपेक्षू नये

समभागाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणारे लोक लाभांशाचा दाखला देतात, आणि दरवर्षी न चुकता लाभांश देणाऱ्या कंपन्या आहेत हे खरेच आहे. तथापि लाभांश ही सवय आहे, करार नव्हे. करोनाच्या साथीत, १७ एप्रिल २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने ३१ मार्च २०२० रोजी संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून बँकांनी लाभांश देऊ नये असा आदेश काढला, तेव्हा भक्कम आणि नफ्यात असलेल्या बँकांच्या समभागधारकांनाही त्या लाभांशाला मुकावे लागले. त्याच बँकांच्या ठेवीदारांना मात्र ठरलेले व्याज ठरलेल्या दिवशी मिळाले. मालक आणि धनको यांच्यातला फरक इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतो.

लाभांश पुरत नसेल तर समभाग विकून खर्च भागवावा लागतो आणि तेथे किमतीच्या चढउताराशी गाठ पडते. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स हा ३० मोठ्या कंपन्यांच्या समभागांच्या किमतींवरून काढलेला निर्देशांक आहे. जानेवारी २००८ मध्ये तो २१,००० च्या आसपास होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८,००० च्याही खाली उतरला. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० च्या घरात पोहोचलेला हाच निर्देशांक २३ मार्चला २६,००० च्या खाली बंद झाला आणि त्या एका दिवसात तो १३ टक्क्यांहून अधिक घसरला. दोन्ही वेळा बाजार पुढे सावरला आणि नवे उच्चांकही गाठले गेले. तरुण नोकरदाराला एवढी माहिती पुरेशी आहे, कारण त्याचा घरखर्च पगारातून चालतो आणि घसरणीच्या काळात त्याला विकण्याची सक्ती नसते.

निवृत्ताची अडचण येथेच वेगळी होते. समजा, एखाद्याने सर्व ३० लाख रुपये समभागांत ठेवले आहेत आणि वर्षाला २ लाख ४० हजार रुपये तो त्यातून काढतो. बाजार ४० टक्क्यांनी घसरला, तर त्या वर्षीचे २ लाख ४० हजार मिळवण्यासाठी त्याला पूर्वीच्या भावाने ४ लाख रुपयांचे असलेले समभाग विकावे लागतात. मंदी तीन वर्षे टिकली तर पूर्वीच्या भावाने १२ लाखांचे समभाग हातचे जातात आणि खर्चाला मात्र ७ लाख २० हजारच मिळतात. पुढे बाजार मूळ पातळीवर परतला तरी विकून टाकलेले समभाग परत येत नाहीत, आणि बाजाराचा तोटा तात्पुरता असला तरी या माणसाचा तोटा कायमचा होतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अशी घसरण आली तर नुकसान सर्वांत मोठे असते, कारण पुढची सगळी वर्षे लहान झालेल्या भांडवलावर काढावी लागतात. म्हणून समभागांचा दीर्घकालीन सरासरी परतावा कितीही आकर्षक असला, तरी येत्या पाच-सात वर्षांत जो पैसा खर्चासाठी निश्चित लागणार आहे त्याची जागा समभागांत नाही.

रोख्याची किंमत का हलते

रोख्याचे व्याज ठरलेले असते, तरीही त्याची बाजारातील किंमत रोज बदलते, ही गोष्ट अनेक निवृत्तांना प्रथम कळते तेव्हा धक्कादायक वाटते. तिचे कारण मात्र साधे आहे. केंद्र सरकारचा १०० रुपये दर्शनी मूल्याचा, ६ टक्के व्याजाचा आणि १० वर्षे मुदतीचा रोखा कोणी विकत घेतला आणि थोड्याच काळाने बाजारातील व्याजदर वाढून सरकार तसाच नवा रोखा ७ टक्क्यांनी देऊ लागले, तर ६ टक्क्यांचा जुना रोखा १०० रुपयांना कोणीही घेणार नाही. नव्या खरेदीदाराला मुदतीअखेर ७ टक्केच पडावेत इतकी किंमत खाली यावी लागते, आणि हिशेब केला तर ती सुमारे ९३ रुपये येते. मुदत तीन वर्षांचीच असती तर किंमत ९७ रुपयांच्या थोडी वर राहिली असती, आणि तीस वर्षांची असती तर ८७ रुपये ५० पैशांपर्यंत उतरली असती. व्याजदर खाली आले तर हेच उलट दिशेने घडते. म्हणजे व्याजदर आणि रोख्याची किंमत यांची दिशा नेहमी परस्परविरुद्ध असते आणि मुदत जितकी लांब तितका हेलकावा मोठा असतो.

या किमतीचे महत्त्व किती, हे पूर्णपणे पैसा केव्हा लागणार यावर ठरते. वरच्या उदाहरणातील व्यक्तीने दहा वर्षे थांबायचे ठरवले असेल तर तिला दर सहामाहीला ३ रुपये आणि शेवटी पूर्ण १०० रुपये मिळतात, आणि मधल्या ९३ रुपयांशी तिला काही कर्तव्य उरत नाही. मात्र दुसऱ्याच वर्षी शस्त्रक्रियेसाठी पैसा लागला तर ९३ रुपयांना विकावे लागते आणि कागदावरचा तोटा खराखुरा होतो. सरकारी रोख्यातही, म्हणजे जेथे परतफेडीबद्दल शंका नाही अशा ठिकाणीही, मुद्दल घटू शकते ते अशा रीतीने. त्यावरचा उपाय रोख्याची मुदत आणि खर्चाची तारीख जुळवणे हाच आहे. दोन वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठी तीस वर्षांचा रोखा घेणे ही सरकारी हमी असूनही असुरक्षित गुंतवणूक ठरते.

याला एक दुसरी बाजूही आहे. फार आखूड मुदत निवडली तर ती संपल्यावर पैसा पुन्हा गुंतवताना मिळणारा दर कमी असण्याची शक्यता असते. मे २०२० मध्ये सरकारने ७.७५ टक्क्यांचे करपात्र बचत रोखे बंद केले आणि १ जुलैपासून बदलत्या दराचे नवे रोखे आणले. त्यांचा पहिला दर ७.१५ टक्के होता. त्या सुमारास मुदत संपलेल्या ठेवींचे नूतनीकरण अनेक बँकांत ५ ते ६ टक्क्यांनी झाले आणि मुद्दल पूर्ण शाबूत असतानाही ठेवीदारांचे मासिक उत्पन्न एकदम घटले. लांब मुदतीत किमतीची जोखीम असते आणि आखूड मुदतीत उत्पन्नाची, आणि या दोन्हींपासून पूर्ण मुक्त असा रोखा अस्तित्वात नाही.

वचन कोणाचे

केंद्र सरकार रुपयांतले कर्ज रुपयांत फेडते, त्यामुळे त्याच्या परतफेडीची खात्री देशातील इतर कोणत्याही ऋणकोपेक्षा अधिक असते. कंपन्यांच्या बाबतीत ही खात्री किती, याचा अंदाज पतमानांकन संस्था अक्षरांत देतात आणि त्यात ‘एएए’ ही सर्वोच्च श्रेणी मानली जाते. हा अंदाज उपयुक्त असला तरी ती हमी नाही. पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीला ऑगस्ट २०१८ पर्यंत सर्वोच्च मानांकन होते आणि सप्टेंबरात ते थकबाकीदाराच्या श्रेणीपर्यंत खाली आले. सर्वोच्च श्रेणीपासून थकबाकीपर्यंतचा प्रवास काही आठवड्यांत संपला, त्यामुळे मानांकनाकडे लक्ष ठेवून वेळीच बाहेर पडू, ही कल्पनाही फारशी भरवशाची नाही.

याहून अधिक बोध देणारे उदाहरण येस बँकेच्या ‘अतिरिक्त टिअर-१’ रोख्यांचे आहे. बँकेने २०१६ मध्ये ९.५ टक्क्यांनी ३,००० कोटी आणि २०१७ मध्ये ९ टक्क्यांनी ५,४१५ कोटी रुपयांचे असे रोखे काढले. या रोख्यांना परतफेडीची तारीख नसते. ठरावीक वर्षांनी बँकेची इच्छा असेल तर ती ते परत घेऊ शकते, आणि बँक डबघाईला आली तर ते पूर्णपणे रद्द करण्याची तरतूद त्यांच्या अटींतच असते. भांडवल बुडू लागले की तोटा सोसण्यासाठीच त्यांची रचना केलेली असल्याने त्यांचे नाव रोखा असले तरी त्यांचे वर्तन संकटकाळी मालकी हिश्शासारखे होते. मार्च २०२० मध्ये बँकेची पुनर्रचना झाली तेव्हा हे सर्व ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे शून्य करण्यात आले. समभागधारकांचे समभाग मात्र, किंमत कोसळलेली असली आणि त्यांतले बहुतांश विकण्यावर बंधन आलेले असले तरी, अस्तित्वात राहिले. म्हणजे धनको आधी आणि मालक शेवटी हा सामान्य क्रम येथे उलटा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ही कृती रद्दबातल ठरवली आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

भांडवल बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने या प्रकरणातील आपल्या आदेशात असे नोंदवले, की बँकेच्या अनेक ठेवीदार ग्राहकांनी मुदत ठेवी मोडून हे रोखे घेतले होते आणि विक्रीच्या वेळी त्यांतील धोका ग्राहकांना नीट सांगितला गेला नव्हता. मुदत ठेव ६-७ टक्के देत असताना तीच बँक ९ टक्के देते, एवढीच गोष्ट ग्राहकाच्या लक्षात राहिली असेल, तर ती त्याच्या लोभाची खूण मानणे अन्यायाचे होईल, कारण ज्या शाखेवर त्याचा आयुष्यभर विश्वास होता तेथेच त्याला हा कागद मिळाला होता. ऑक्टोबर २०२० पासून सेबीने या प्रकारच्या नव्या रोख्यांची विक्री फक्त संस्थात्मक गुंतवणूकदारांपुरती ठेवली आणि व्यवहाराची किमान रक्कम १ कोटी रुपये केली.

या प्रकरणातून धोका ओळखण्याच्या काही ठोस खुणा हाती लागतात. समान मुदतीच्या सरकारी रोख्यापेक्षा व्याज दोन-तीन टक्क्यांनी अधिक असेल तर ते अधिकचे व्याज कोणत्या तरी धोक्याचे मोल असते, आणि तो धोका कोणता हे समजेपर्यंत पैसे देऊ नयेत. अटींच्या पत्रकात ‘पर्पेच्युअल’, म्हणजे मुदत नसलेला, किंवा ‘सबऑर्डिनेटेड’, म्हणजे परतफेडीच्या क्रमात मागचा, असा शब्द आला तर तो रोखा निवृत्ताच्या मूळ भांडवलासाठी नाही असे समजावे. विक्रेता परतफेडीच्या तारखेऐवजी ‘कॉल’च्या तारखेबद्दल बोलत असेल, तर ती तारीख पाळण्याचे बंधन ऋणकोवर नसून तो केवळ त्याचा हक्क आहे, हे ध्यानात घ्यावे.

रोखे विकत घेणारे म्युच्युअल फंडही येथे वेगळे ओळखायला हवेत. ज्या फंडात पैसे केव्हाही टाकता वा काढता येतात, त्याला एका रोख्यासारखी परतफेडीची तारीख नसते, त्यामुळे ‘मुदतीपर्यंत थांबलो की पूर्ण रक्कम’ हे तत्त्व तेथे त्याच अर्थाने लागू होत नाही. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने आपल्या सहा रोखे योजना बंद केल्या, तेव्हा गुंतवणूकदारांना आपला पैसा टप्प्याटप्प्याने परत मिळेपर्यंत थांबावे लागले. ज्याचा घरखर्च त्या पैशावर अवलंबून आहे त्याच्यासाठी वाट पाहणे हीच हानी असते.

महागाई आणि समभागाची खरी जागा

एवढे विवेचन वाचून सर्व पैसा सरकारी वचनातच ठेवावा असा निष्कर्ष काढावासा वाटेल. परंतु साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या दांपत्यापैकी एकाने तरी पंच्याऐंशी वर्षांचे होणे आज असामान्य नाही, आणि पंचवीस वर्षांच्या काळात महागाईचा परिणाम विचारात न घेणे शक्य नाही. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर आज ३५,००० रुपयांत भागणाऱ्या घरखर्चाला दहा वर्षांनी सुमारे ५७,००० आणि वीस वर्षांनी सुमारे ९३,००० रुपये लागतात. ठरलेल्या दराच्या रोख्याचे व्याज या काळात एक रुपयानेही वाढत नाही. समभागाचे मोल येथे आहे, कारण कंपन्या आपल्या मालाच्या किमती वाढवतात, त्यांची विक्री आणि नफा रुपयांत वाढतो आणि दीर्घ काळात त्यांच्या मालकी हिश्शाची किंमत महागाईच्या पुढे जाण्याची वाजवी शक्यता असते. ती शक्यता आहे, वचन नाही, आणि तिला फळ धरायला बरीच वर्षे लागतात. ही वर्षे समभागांना मिळवून देणे हेच निवृत्ताच्या गुंतवणुकीत रोख्यांचे दुसरे काम आहे.

एका दांपत्याचा हिशेब

हे तत्त्व आकड्यांत उतरवण्यासाठी एक काल्पनिक दांपत्य घेता येईल. दोघेही साठीच्या पुढचे असून घर स्वतःचे आहे, मासिक खर्च ३५,००० रुपये आहे, न वाढणारी पेन्शन १५,००० रुपये आहे आणि हातात ४० लाख रुपये आहेत. म्हणजे दरमहा २०,००० किंवा वर्षाला २ लाख ४० हजार रुपयांची तूट भरून काढायची आहे.

यांपैकी २० लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले जातात. एप्रिल २०२३ पासून या योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, व्याज दर तिमाहीला मिळते आणि तेव्हापासून लागू झालेला ८.२ टक्के दर २०२५ मध्येही कायम होता. त्या दराने वर्षाला १ लाख ६४ हजार, म्हणजे तिमाहीला ४१,००० रुपये येतात. ४ लाख रुपये आजारपणासारख्या अचानक गरजेसाठी बँकेच्या मुदत ठेवीत राहतात. ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून लागू असल्याने ही रक्कम व तिचे व्याज त्या मर्यादेत बसते. ८ लाख रुपये केंद्र सरकारच्या रोख्यांत जातात, पण एकाच रोख्यात नव्हे, तर प्रत्येकी २ लाखांचे चार भाग करून, अनुक्रमे सुमारे दोन, चार, सहा आणि आठ वर्षांनी मुदत संपेल अशा चार रोख्यांत. मुदती अशा पायऱ्यांनी लावण्याला लॅडर पद्धत म्हणतात. उरलेले ८ लाख, म्हणजे एकूण रकमेच्या वीस टक्के, निर्देशांकातील सर्व कंपन्यांचे समभाग त्याच प्रमाणात घेणाऱ्या इंडेक्स फंडात जातात, म्हणजे एखाद्या कंपनीच्या बुडण्याने फारसे बिघडत नाही.

मुदत ठेव आणि सरकारी रोखे यांवर साडेसहा टक्के व्याज गृहीत धरले तर त्यांतून अनुक्रमे २६,००० आणि ५२,००० रुपये मिळतात. बचत योजनेच्या व्याजासह एकूण उत्पन्न २ लाख ४२ हजार होते, आणि पहिल्या वर्षाची तूट समभागांना हात न लावता भरून निघते. पेन्शन धरून एकूण उत्पन्न सव्वाचार लाखांच्या आत राहते, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीमुळे त्यावर प्राप्तिकर बसत नाही.

पुढच्या वर्षापासून महागाई आपले काम सुरू करते. खर्च ५ टक्क्यांनी वाढत गेला तर दुसऱ्या वर्षी २१,००० रुपये कमी पडतात, तिसऱ्या वर्षी ४३,००० आणि सहाव्या वर्षापर्यंत ही कमतरता १ लाख १६ हजारांवर जाते. या पाच वर्षांची बेरीज सुमारे ३ लाख ३७ हजार येते. दुसऱ्या वर्षाची कमतरता बँकेतल्या ठेवीतून भागवायची, आणि त्यानंतर दोन व चार वर्षांनी मुदत संपणाऱ्या रोख्यांचे ४ लाख रुपये, त्यांवरचे बंद झालेले व्याज हिशेबात घेऊनही, या साऱ्याला जवळपास पुरतात. पुढच्या दोन रोख्यांचे ४ लाख त्यानंतरच्या साधारण दोन वर्षांची गरज भागवतात. म्हणजे सुमारे आठ वर्षे हे दांपत्य समभाग न विकता राहू शकते, आणि मधल्या काळात २००८ किंवा २०२० सारखी घसरण आली तरी तिच्या तळाशी विकण्याची सक्ती त्यांच्यावर येत नाही. उलट बाजार चांगला वर गेलेला असेल त्या वर्षी थोडे समभाग विकून शेवटच्या पायरीपुढे नवा रोखा घेता येतो आणि मुदत आणखी लांबवता येते. घसरणीत समभाग निम्म्यावर आले असे धरले, तरी तोटा ४ लाखांचा, म्हणजे एकूण रकमेच्या एक दशांश असतो, आणि दर तिमाहीला येणारे व्याज तसेच चालू राहते.

या मांडणीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. बचत योजनेची मुदत पाच वर्षांची आहे आणि पुढे तीन-तीन वर्षांनी ती वाढवता येते, पण वाढीच्या काळात त्या वेळचा दर लागू होतो, त्यामुळे ८.२ टक्के आठ वर्षांसाठी गृहीत धरता येत नाहीत. पेन्शन वाढत नसल्याने दुसऱ्या वर्षापासूनच मुद्दलाला हात लावावा लागतो, आणि ४० लाख रुपये अखंड वारसांना देण्याची इच्छा असेल तर ती मासिक खर्च कमी करूनच पूर्ण होऊ शकते. ज्यांची पेन्शन महागाई भत्त्यासह वाढते, त्यांना मात्र समभागांची गरज बरीच कमी असते, कारण महागाईपासूनचे संरक्षण त्यांना पेन्शनमधूनच मिळते. वीस टक्के हे प्रमाण म्हणूनच नियम नाही. पुढील सात-आठ वर्षांचा कमी पडणारा खर्च ठरलेल्या वचनांतून भागवल्यावर जे उरते, तेवढाच समभागांचा वाटा असतो, आणि काहीच उरत नसेल तर तो वाटा शून्य असणे योग्य आहे.

सरकारी रोखे थेट घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिटेल डायरेक्ट ही सोय सुरू केली आहे. तेथे खाते उघडायला शुल्क नाही, किमान १०,००० रुपयांपासून रोखा घेता येतो आणि लिलावात स्वतःचा दर न सांगता, मोठ्या संस्थांच्या बोलीतून ठरलेल्या दराने रोखा मिळू शकतो. मात्र मुदतीपूर्वी लहान रकमेचा रोखा विकायला गेले तर खरेदीदार लवकर मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी भाव थोडा कमी येऊ शकतो. खर्चाची तारीख आणि मुदतीची तारीख जुळवण्याचा आग्रह या कारणानेही धरायला हवा.

तात्पर्य, निवृत्ताने गुंतवणुकीचा विचार समभाग की रोखा या प्रश्नापासून सुरू करण्याऐवजी येत्या आठ वर्षांच्या खर्चाच्या वेळापत्रकापासून सुरू करावा. त्या वेळापत्रकातील प्रत्येक रकमेसमोर ती देण्यास बांधलेला भरवशाचा ऋणको आणि त्याची तारीख लिहिता आली पाहिजे. ज्या रकमेसमोर अशी नोंद करता येत नाही ती रक्कम समभागावर किंवा नऊ टक्क्यांच्या अनोळखी रोख्यावर सोपवू नये, आणि ज्या पैशाला या वेळापत्रकात जागाच लागत नाही तो वाढीसाठी समभागांत ठेवण्याची भीती बाळगू नये.